व्हॉट्सॲपवरचं डिलीट झालेलं चॅट परत मिळतं का? फोनमधला बॅकअप आणि क्लाउड बॅकअप यांत फरक काय?

समजा, पुण्यात भाड्याने राहणाऱ्या एका तरुणाने बुधवारी, 12 नोव्हेंबर 2025 रोजी रात्री 11 वाजता फोन साफ करताना जुन्या घरमालकाचं चॅट उडवलं. शुक्रवारी संध्याकाळी डिपॉझिटच्या 40 हजार रुपयांवरून वाद झाला. पैसे परत देण्याचं कबूल केल्याचा मेसेज त्याच चॅटमध्ये होता. आता तो परत मिळेल का?

व्हॉट्सॲपकडे मागून उपयोग नाही. मेसेज पोहोचला की कंपनी तो आपल्या सर्व्हरवर ठेवत नाही. त्यामुळे शोध घ्यायचा तो बॅकअपमध्येच. अँड्रॉइड फोनवर हे बॅकअप दोन ठिकाणी असतात आणि दोघांचं काम वेगवेगळं आहे.

क्लाउडवर एकच प्रत

गुगल खात्यावर जाणारा बॅकअप फोन हरवला किंवा बदलला तर कामी येतो. पण तिथे फक्त शेवटची प्रत राहते. नवा बॅकअप झाला की जुना पुसला जातो.

या तरुणाने रोजचा बॅकअप लावला असेल, तर गुरुवारच्या पहाटेच चॅट नसलेली नवी प्रत क्लाउडवर गेली आणि तिथला मार्ग बंद झाला. बॅकअप आठवड्याचा असेल आणि शेवटचा रविवारी झाला असेल, तर चॅट अजून तिथे आहे. म्हणजे चुकून डिलीट झालेल्या चॅटसाठी कधी कधी रोजच्यापेक्षा आठवड्याचा बॅकअपच उपयोगी ठरतो.

इथे घाबरून केलेली एक चूक महागात पडते. `Chat backup` मध्ये जाऊन बॅकअपचं बटण दाबलं, की क्लाउडवरची जुनी प्रतही जाते. म्हणून सर्वात आधी तिथला आपोआप होणारा क्लाउड बॅकअप बंद करावा.

फोनमध्ये सात दिवसांच्या प्रती

व्हॉट्सॲप रोज पहाटे 2 वाजता फोनमध्येही बॅकअप घेतं आणि साधारण शेवटच्या सात दिवसांच्या फाइल ठेवतं. त्या या फोल्डरमध्ये असतात:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

बुधवारी पहाटेची फाइल चॅट डिलीट होण्याच्या आधीची आहे, त्यामुळे ती हवी. तिचं नाव साधारण असं असेल:

```
msgstore-2025-11-12.1.db.crypt14
```

फाइलची वेळही तपासून घ्यावी. पुढचे टप्पे याच क्रमाने करायचे:

1. संपूर्ण `WhatsApp` फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करावा. ॲप काढताना तो पुसला गेला, तरी प्रत हाताशी राहते.
2. क्लाउड बॅकअप बंद असतानाच एक ताजा बॅकअप घ्यावा आणि नवी `msgstore.db.crypt14` फाइल वेगळी कॉपी करून ठेवावी.
3. ॲप काढून पुन्हा इन्स्टॉल करावं, पण उघडू नये. फोल्डर फोनवर जागच्या जागी ठेवावा. आधीची `msgstore.db.crypt14` बाजूला करून बुधवारच्या फाइलला तेच नाव द्यावं. शेवटचा आकडा 15 असेल तर 15 च ठेवावा.
4. ॲप उघडून त्याच मोबाइल नंबरने पडताळणी करावी. गुगल खातं विचारलं तर जोडू नये. मग ॲप फोनमधला बॅकअप शोधतं.

चॅट दिसलं की लगेच `Export chat` ने बाहेर काढावं. कारण रिस्टोअर केल्यावर जुनी फाइल आताच्या चॅटमध्ये मिसळत नाही, तर त्याची जागा घेते. बुधवारी पहाटेनंतरचे सगळे मेसेज गायब दिसतील. ते परत आणण्यासाठी दुसऱ्या टप्प्यातली ताजी फाइल ठेवून हीच प्रक्रिया पुन्हा करावी लागते.

मर्यादा कुठे?

बुधवारी पहाटे 2 ते रात्री 11 या वेळेत आलेले आणि रात्री डिलीट झालेले मेसेज एकाही फाइलमध्ये नसतात. महिन्यापूर्वी उडवलेलं चॅट सात दिवसांच्या फाइलमध्ये मिळत नाही. फोनच हरवला किंवा फॅक्टरी रिसेट झाला, तर आतल्या प्रतीही जातात. ठरावीक वेळाने आपोआप नाहीसे होणारे मेसेज बॅकअपमध्ये असले, तरी रिस्टोअर करताना काढले जातात.

क्लाउड बॅकअपला एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन लावून पासवर्ड किंवा 64 अंकी किल्ली हरवली, तर ती प्रत व्हॉट्सॲप किंवा गुगललाही उघडता येत नाही. आयफोनवर व्हॉट्सॲपच्या अशा सात दिवसांच्या फाइल नसतात. तिथे आयक्लाउडवरची प्रतच मुख्य आधार असते.

पुण्याच्या तरुणाकडे शुक्रवारी संध्याकाळी अजून वेळ आहे. पण पुढचा आठवडा उलटला, की बुधवारची फाइलही निघून जाईल. त्यानंतर ते चॅट फक्त एकाच फोनमध्ये उरलेलं असेल, घरमालकाच्या.