बाबाची शेवटची चिठ्ठी

या वीकेंडला रँडी पॉशचं 'द लास्ट लेक्चर' पुन्हा वाचलं. कार्नेगी मेलनमधला कॉम्प्युटर सायन्सचा हा प्रोफेसर. ऑगस्ट 2007 मध्ये डॉक्टरांनी सांगितलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर पसरलाय, धडधाकट असे तीन ते सहा महिने हातात आहेत. घरात तीन लहान मुलं. धाकटी तर दोन वर्षांचीही नव्हती. सप्टेंबरमधल्या त्या गाजलेल्या भाषणाच्या शेवटी तो म्हणाला, हे खरं तर माझ्या मुलांसाठी होतं. पुस्तकसुद्धा त्याने सायकल चालवताना फोनवरून सांगितलं. का? तर मुलांच्या वाट्याचा वेळ जाऊ नये म्हणून. जुलै 2008 मध्ये तो गेला.

मला सगळ्यात पटलं ते त्याने काय लिहिलं नाही, ते. 'तू अमुक हो' असं कुठेच नाही. उलट तो मुलांना सांगतो, मला तुम्ही काय व्हायला हवं होतात, हे शोधत बसू नका.

आपण असतो तर? "नीट शिका, आईला सांभाळा." हो ना? जिवंत बापाशी भांडता येतं हो. गेलेल्या बापाचा शब्द मात्र जन्मभर मोडता येत नाही.

लहानपणीच आईवडील गमावलेल्यांशी तो बोलला होता. आपल्यावर त्यांचं किती प्रेम होतं हे कळणं, हाच त्यांचा आधार होता. म्हणून मग तो प्रत्येक मुलाबद्दल वेगळं लिहितो, बापाला दिसलेलं ते मूल.

धाकटीला तो आठवणारही नव्हता. तिला सल्ला नको होता, हेच हवं होतं.