निरोप शिळा कधी होतो?

संशोधनात भाग घेणाऱ्या लोकांना आठवण करून देण्याचं काम हल्ली संगणकच करतो. हे निरोप ईमेलने, एसएमएसने की व्हॉट्सॲपने पाठवायचे याची चर्चा बहुतेक वेळा 'स्वस्त काय पडतं?' इथून सुरू होते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: हा निरोप किती वाजेपर्यंत उपयोगाचा आहे?

एक उदाहरण घेऊ. समजा, १२० मराठी ज्येष्ठ नागरिकांची उपाशीपोटी रक्ततपासणी करायची आहे. तारीख, पत्ता, नकाशा आणि संमतिपत्र आठवडाभर आधी पाठवायचं आहे. त्यासाठी ईमेल उत्तम, कारण खर्च जवळजवळ शून्य आणि मजकुराला लांबीचं बंधन नाही. पण ईमेलची रचनाच सबुरीची आहे. समोरचा सर्व्हर बंद असेल तर पाठवणारा सर्व्हर थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करतो, आणि प्रमाणित नियमांनुसार हा प्रयत्न चार-पाच दिवस चालू ठेवणं अपेक्षित आहे. म्हणजे 'पोचला नाही' ही बातमीसुद्धा आपल्याला तपासणी उलटून गेल्यावर कळू शकते.

'रात्री १० नंतर खाऊ नका' हा निरोप मात्र त्याच रात्री दहाला शिळा होतो. तो चुकला तर आजोबा सकाळी नाश्ता करून येतात, त्यांचा नमुना वाया जातो आणि हेलपाटा पडतो तो वेगळाच. इथे एसएमएस हवा. त्याला इंटरनेट लागत नाही, साधा फोनही चालतो.

आता खर्चाकडे वळू. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साध्या इंग्रजी मजकुरात एक अक्षर ७ बिटांचं, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीला सहसा प्रत्येक चिन्हामागे १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७०. काना, मात्रा, अनुस्वार, पायमोडी चिन्ह आणि मधली मोकळी जागा हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. हा निरोप पाहा:

'उद्या सकाळी ८ वाजता रक्त तपासणी. रात्री १० नंतर काही खाऊ नका, पाणी चालेल.'

ही ७३ चिन्हं झाली. तीन जास्त झाली म्हणून याचे दोन भाग होतात आणि १२० लोकांसाठी २४० एसएमएसचे पैसे पडतात. 'काही' हा शब्द काढला की ६८ चिन्हं उरतात, अर्थ तोच राहतो आणि बिल निम्मं होतं. 'मराठीत महाग पडतं, इंग्रजीत पाठवा' असं कुणी म्हटलं, तर आधी एक शब्द कमी करून पाहा, मग भाषा बदलण्याचा विचार करा. आणि इंग्रजी निरोपात एखादंच देवनागरी अक्षर घातलं तरी अख्ख्या निरोपाची मर्यादा ७० वर येते, हेही लक्षात ठेवा.

एसएमएसची खरी अडचण आपल्याला चांगली ठाऊक आहे. आजी-आजोबा महिनाभर पुण्याला गेले, इथलं सिम काढून तिथलं घातलं, की इथल्या नंबरचा एसएमएस अधांतरी राहतो. फोन बंद असेल तर तो मोबाइल कंपनीच्या केंद्रात थांबतो आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर येतो! म्हणून पाठवतानाच त्याची मुदत ठरवावी. सहाला पाठवला तर मुदत आठपर्यंत. तोवर पोचपावती आली नाही, तर व्हॉट्सॲप. जुन्या नंबरचं खातं सिम बदललं तरी सहसा चालू राहतं, त्यामुळे हा मार्ग इथे उपयोगी पडतो. मात्र तिथे इंटरनेट हवं, आधी घेतलेली संमती हवी, आणि समोरच्याने गेल्या २४ तासांत आपल्याला काही लिहिलेलं नसेल तर फक्त आधी मंजूर करून घेतलेला ठरावीक मजकूरच पाठवता येतो. तो मजकूर आठवडाभर आधीच मंजूर करून ठेवावा. त्या संध्याकाळी धावपळ करून उपयोग नाही.

पोचपावतीचा अर्थ एवढाच, की निरोप फोनपर्यंत गेला. तो वाचला का, हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून 'वाचलं असेल तर १ लिहून पाठवा' असं उत्तर मागावं (आणि या शब्दांची चिन्हंही ७० च्या हिशेबात धरावीत, किंवा दुसऱ्या भागाचे पैसे मोजावेत). नऊपर्यंत ज्यांचं उत्तर नाही, त्या मोजक्या लोकांना माणसानेच फोन करावा.

प्रत्येक निरोप तिन्ही मार्गांनी पाठवणं मला पटत नाही. एकच गोष्ट तीनदा आली की लोक न वाचता पुसायला लागतात, आणि त्यात एखाद्या दिवशी 'तपासणी रद्द' हा निरोपही पुसला जातो.