संत्र्याचीं कलमें घेतांना विचारावयाचे प्रश्न

बियाणें वाईट निघालें तर एक हंगाम बुडतो. संत्र्याचें कलम वाईट निघालें तर पांच-सहा वर्षांची मशागत व पाणी व्यर्थ जातें आणि जमीनहि तितकीं वर्षें अडकून पडते. कारण कलमाचा दोष झाड फळावर येईपर्यंत बहुधा उघड होत नाहीं. असें असूनहि आमचे पुष्कळ बागाईतदार बंधु मृगाच्या तोंडावर पन्हेरींत जातात, "कलमें रोगमुक्त आहेत ना?" असें विचारतात, आणि "अगदीं खात्रीचीं!" हें उत्तर ऐकून गाडी भरतात. पन्हेरीवाला खोटें बोलतो असें आमचें म्हणणें नाहीं. पुष्कळदां त्याला स्वतःलाहि तें ठाऊक नसतें. दोष प्रश्नाचा आहे. ज्याचें उत्तर 'होय' याखेरीज दुसरें येणारच नाहीं, तो प्रश्न विचारला काय आणि न विचारला काय, सारखेंच.

आमचें मत असें कीं, कलमें घेणारानें चार-पांच प्रश्न कागदावर लिहून न्यावे, तेच प्रश्न त्याच शब्दांत दोन-तीन पन्हेरींत विचारावे, आणि प्रत्येक प्रश्न असा असावा कीं त्याचें उत्तर डोळ्यांनीं पाहतां येईल, मोजतां येईल किंवा कागदाशीं ताडून घेतां येईल. 'ठाऊक नाहीं' हें उत्तरहि लिहून घ्यावें. तें सरळपणें देणारा मनुष्य सर्वच गोष्टींची ग्वाही देणाऱ्यापेक्षां अधिक विश्वासाचा समजावा. हें काम एप्रिल-मे महिन्यांत करावें. पाऊस पडल्यावर ज्याला त्याला घाई असते, आणि घाईंत कोणी वाफा उकरून दाखवीत नाहीं.

पहिला प्रश्न खुंटाचा. "खुंट जंबेरीचा आहे काय?" असें न विचारतां, "खुंटाचें बीं कोणत्या झाडांवरून घेतलें, आणि डोळा न बांधलेले खुंट कोणत्या वाफ्यांत आहेत, तीं झाडें व तो वाफा दाखवा," असें म्हणावें. झाडावर फळें असतील तर ओळख सोपी आहे. जंबेरीचें फळ पिवळें व खडबडीत सालीचें असतें. रंगपूर लिंबाचें फळ नारिंगी-तांबूस, दिसावयास संत्र्यासारखें पण चवीस आंबट असतें. नंतर खुंटांचा वाफा पाहावा. या दोन्ही जातींच्या एका बियेंतून बहुधा एकाहून अधिक रोपें निघतात व त्यांतलीं बरींचशीं थेट आईच्या वळणाचीं असतात. जीं निराळीं निघतात तीं उपटून टाकावयाचीं असतात. वाफ्यांत मधूनच एखादें फार खुरटें, एखादें भलतेंच उंच, एखादें वेगळ्या पानाचें रोप दिसलें तर निवड झालेली नाहीं असें समजावें, मग तोंडानें कोणी कांहींहि सांगो.

दुसरा प्रश्न मुळांचा, आणि आमच्या मतें हाच सर्वांत महत्त्वाचा. विदर्भांत संत्र्याची झाडें डिंक्यानें व मूळकुजव्यानें मरतात. त्याचें कारण फायटोफ्थोरा नांवाची बुरशी होय. ती पन्हेरीच्या मातींतूनच कलमाबरोबर आपल्या शेतांत येऊं शकते, व एकदां आली म्हणजे शेतांतून जात नाहीं. म्हणून "बुरशी आहे काय?" असें विचारूं नये, "मी निवडीन तीं पांच कलमें उपटून द्या, त्यांची किंमत मी देतों," असें म्हणावें. तीं वाफ्याच्या कडेचीं घेऊं नयेत. मधलीं, आणि विशेषतः जेथें पाणी सांचतें तेथलीं घ्यावीं. मुळ्या पाण्यांत धुऊन बारीक मुळी दोन बोटांत धरून ओढावी. निरोगी मुळीची साल घट्ट व पांढुरकी असते. कुजलेल्या मुळीची साल बोटांत सुटून येते आणि आंत उंदराच्या शेपटीसारखा नुसता दोरा राहतो. पांचांपैकीं एकाहि कलमाची मुळी अशी निघाली तर तो वाफा सोडावा. तपासणींत मुळ्या चांगल्या निघाल्या म्हणून बुरशी नाहींच असें मात्र सिद्ध होत नाहीं. दोष उघड झालेला नाहीं, इतकेंच ठरतें.

त्याच वेळीं डोळा जमिनीपासून किती उंचीवर बांधला आहे तें आपल्या वितेनें मोजावें. संत्र्याची साल या बुरशीस लवकर बळी पडते, म्हणून डोळा साधारण वीतभर, म्हणजे आठ-नऊ इंच, उंच असावा. चार बोटांवर बांधलेला डोळा लावणींत मातींत जातो व तेथूनच डिंक वाहूं लागतो.

तिसरा प्रश्न मातृवृक्षांचा. येथें थोडा हिशेब करावा लागतो. समजा, पन्हेरींत 30,000 कलमें आहेत आणि सर्व डोळे स्वतःच्या 15 झाडांवरून घेतले असें मालक सांगतो. म्हणजे प्रत्येक झाडाचे 2,000 डोळे झाले. एका काडीवर सहा ते आठ चांगले डोळे धरले तर एकेका झाडाच्या अडीचशे ते सुमारें तीनशे तेहतीस काड्या कापल्या गेल्या पाहिजेत. आतां तीं झाडें पाहावीं. त्यांवर कापल्याच्या खुणा नसून फळांचा भार असेल, तर डोळे कोठून तरी दुसरीकडून आले, आणि कोठून तें विचारण्याचा आपल्याला हक्क पोहोंचतो. ट्रिस्टेझा व ग्रीनिंग हे रोग डोळ्याबरोबरच कलमांत येतात. ते नुसत्या नजरेनें ओळखवत नाहींत. पानांचा पिवळेपणा खताच्या उणिवेनेंहि येतो. त्यांची परीक्षा प्रयोगशाळेंतच होते. तपासणीचा कागद दाखविला तर त्यावर झाडाचा क्रमांक व तारीख आहे काय, आणि तो क्रमांक झाडावर लावलेला आहे काय, हें ताडून पाहावें. ज्याचें झाड सांपडत नाहीं तो कागद कोणत्याहि झाडाचा असूं शकतो.

परवान्याचेंहि तसेंच. महाराष्ट्रांत फळझाडांच्या रोपवाटिकांसाठीं 1969 चा कायदा आहे. "परवाना आहे काय?" याऐवजीं परवान्याचा क्रमांक व मुदत लिहून घ्यावी आणि कृषि खात्याच्या कार्यालयांत जाऊन जुळवावी.

शेवटीं गिऱ्हाइकांची चौकशी. पन्हेरीवाला तीन नांवें सांगेल तीं त्याच्या सोयीचीं असणार. विक्रीची नोंदवही मागावी, पांच वर्षांपूर्वीचें पान आपण स्वतः उघडावें व त्यावरील तीन गांवें निवडून तेथील बागा पाहाव्या. मालकाला भेटून झाडें किती लावलीं व किती उरलीं एवढेंच विचारावें. मेलेल्या झाडांची जमीन कशी होती तेंहि बघावें. चिबड काळ्या जमिनींत उत्तम कलमहि मरतें, आणि त्याचा दोष पन्हेरीवर घालणें अन्यायाचें होईल.

इतका खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. सहा मीटर अंतरानें एका हेक्टरांत 277 झाडें बसतात. तेवढ्यांसाठीं दोन दिवस घालविणें जड नाहीं. उत्तरांच्या कागदावर पन्हेरीवाल्याची सही घ्यावी, आणि पावतीवर खुंट, डोळ्याचें मूळ व वाफ्याचा क्रमांक लिहवून घ्यावा. निकृष्ट बियाण्याबद्दल शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागूं शकतो असें सर्वोच्च न्यायालयानें 2012 सालीं ठरविलें आहे. पण तक्रार कलमांची असो वा बियाण्याची, ज्याच्या पावतीवर नुसतें 'संत्रा कलम, 277 नग' एवढेंच आहे त्यानें तेथें सिद्ध तरी काय करावें? पाहून ठेवलेल्या वाफ्याला खूण करून यावी, आणि कलमें उचलावयाच्या दिवशीं त्याच वाफ्यांतून तीं निघतात कीं नाहीं तें स्वतः उभें राहून पाहावें.