गणवेशातली वेणी

मैत्रिणींनो, गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या घोडेगावात तेव्हा सकाळी चांगलाच गारठा असतो. शेजारच्या वहिनींनी पाचवीतल्या लेकीला हौसेने गुलाबी स्वेटर आणला. शाळेत तो काढून दप्तरात ठेवायला लावला आणि पोर दुपारपर्यंत कुडकुडत बसली. घरी येऊन म्हणाली, "मला निळा नको. त्यात मी कोण ते कळतच नाही."

वहिनी शाळेवर रागावल्या. मी स्वतः अर्धवेळ शिकवते, त्यामुळे मला दोन्ही बाजू दिसतात. नियम नीट वाचला तर तो रंगाचा असतो, विणीचा नसतो. सरकारी शाळांत गणवेश मिळतो, स्वेटर मात्र बहुधा आपल्यालाच पाहावा लागतो. म्हणून आम्ही ठरवलं, रंग शाळेचा ठेवायचा आणि वीण आपली घालायची. बिनबाह्यांचा, व्ही गळ्याचा स्वेटर आणि पुढे दोन वेण्या.

पोरीची छाती 28 इंच. आत सदरा असतो म्हणून स्वेटर 30 इंचांचा धरला, म्हणजे पुढचा भाग 15 इंच. मध्यम जाडीच्या लोकरीला 10 नंबरच्या सुयांवर एका इंचात 6 टाके येतात, तेव्हा 90 टाके झाले. आधी चार इंचांचा तुकडा विणून टाके मोजाच, कारण प्रत्येकीचा हात वेगळा. लोकर सुमारे 200 ग्रॅम लागते. ती एकदमच घ्यावी, कारण पुढच्या खेपेला निळ्याची छटा जुळत नाही.

आता खरी मेख. वेणी कापड आत ओढते. सहा टाक्यांची एक वेणी साधारण दोन टाक्यांची रुंदी खाते. हे न धरता विणलं की स्वेटर छातीवर ताणला जातो, वेणी पसरते आणि पोर म्हणते घट्ट होतो. म्हणून 12 नंबरच्या सुयांवर 90 टाक्यांची खालची पट्टी झाली, की शेवटच्या ओळीत वेण्यांच्या जागी दोन-दोन टाके वाढवून 94 करायचे. मागचा भाग साधा, 90 टाक्यांचाच.

वेणी मध्यभागी घेऊ नका. व्ही गळा सुरू झाला की ती मधोमध चिरली जाते. आमची पहिली चूक हीच, आठ इंच उसवावे लागले! वेणी खांद्याच्या सरळ रेषेत हवी. त्याची मांडणी अशी: 17 सुलट, मग 2 उलट, 6 सुलट, 2 उलट ही वेणीची जागा, मग मध्ये 40 सुलट, पुन्हा तशीच वेणीची जागा आणि शेवटी 17 सुलट. उलट बाजूने येताना दिसतील तसे टाके विणायचे. दर आठव्या ओळीला, सुलट बाजूवर, सहांपैकी पहिले तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे सोडायचे, पुढचे तीन विणायचे, मग ते सोडलेले तीन. दुसऱ्या वेणीत तीन टाके मागे सोडले तर पीळ उलटा पडतो आणि दोन्ही वेण्या समोरासमोर दिसतात.

मुंढ्याला दोन्ही बाजूंनी 13-13 टाके घटवले आणि गळ्यात 30 गेले, की प्रत्येक खांद्यावर 19 उरतात. मागच्या खांद्यावर मात्र 17 असतात. म्हणून बंद करताना वेणीवर दोनदा दोन टाके एकत्र विणायचे, म्हणजे खांदे जुळतात.

गडद निळ्यात ही वेणी लांबून दिसत नाही, राखाडी किंवा मरून असेल तर चटकन दिसते. पोरीला आधी ते खटकलं. पण बाकावर शेजारी बसलेल्या मैत्रिणीने बोट फिरवून पाहिलं म्हणे, आणि तेवढ्यावर स्वारी खूश.

बुटांचंही थोडं सांगते. थोरल्या बहिणीचे काळे बूट धाकटीला आले की रडारड ठरलेली. त्यात लाल बनातीचा सुखतळा कापून घातला, तर बाहेरून बूट काळेच राहतात. जुना सुखतळा कागदावर ठेवून आखून घ्यायचा. पण नवा घातल्यावर बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा उरते ना ते पाहावं, नाहीतर टाच सोलवटते. बूट आधीच बेताचे असतील तर हा नाद करू नये.

आणि हो, हल्ली बाजारातली बरीच लोकर कृत्रिम धाग्याची असते. रविवारी सगळा गणवेश इस्त्रीखाली घालायची आपल्याला सवय. स्वेटर त्यात घालू नका. गरम इस्त्रीने वेणी कायमची चपटी होते, ती पुन्हा उठत नाही. हाताने धुवायचा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि सावलीत खाटेवर पसरून वाळवायचा. दोरीवर टांगलात तर खांदे लोंबतील.