प्रश्नाविना आलेली पत्रिका



आपल्या कन्येच्या लग्नपत्रिकेचे छायाचित्र मिळाले. सोबत प्रश्न नाही, दोन ओळीही नाहीत. आनंदात सहभागी करून घ्यावे, एवढाच हेतू असावा. मनःपूर्वक अभिनंदन!

माझी दृष्टी खिळली ती तळच्या ओळीवर : ‘गोरज मुहूर्त सायं. ६.०५, भोजन ४ ते ५.३०.’ डिसेंबरात पुण्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पंगत मुहूर्तानंतर ठेवली असती, तर चौविहार पाळणारी वडीलधारी मंडळी पाण्याचा घोटही न घेता परतली असती. अक्षतांआधी जेवण ही गोष्ट व्याह्यांना सहज पटली नसेल, असे वाटते.

न विचारता एकच सुचवितो. पत्रिकेवर चार छापले तरी वाढपी साडेचारला हलतात, वऱ्हाड पाचला येते आणि शेवटची पंगत सूर्यास्तात सापडते. म्हणून आचाऱ्यांना साडेतीनचीच वेळ द्यावी आणि बाहेरगावच्या चौविहारी पाहुण्यांना आदल्या दिवशी दूरध्वनी करावा.

वधूवरांस शुभाशीर्वाद. पहिल्या पंगतीत माझेही पान मांडावे. चारच्या आत पोहोचतो.