फ्लॅग कशासाठी, आणि उत्तर कधी बदलू नये

संगणकावरची आयल्ट्स देणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण दोन उपदेश करत आलो आहोत. ‘पहिलं उत्तर बदलू नका’ आणि ‘वेळ उरला तर सगळं पुन्हा तपासा’. दोन्ही एकाच दमात सांगितले, की विद्यार्थी शेवटच्या पाच मिनिटांत नेमके नको ते करतो.

पहिल्या उपदेशाला तर आधारच नाही. क्रुगर, वर्ट्झ आणि मिलर यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या दीड हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरची खाडाखोड तपासली. बदललेल्या उत्तरांपैकी सुमारे 51 टक्के चुकीवरून बरोबर झाली होती, बरोबरवरून चूक फक्त 25 टक्के. उरलेली एका चुकीवरून दुसऱ्या चुकीवर गेली होती. बदलून घालवलेला गुण जास्त सलतो आणि जास्त आठवतो, म्हणून समज टिकून आहे. पण ती परीक्षा मानसशास्त्राची होती, भाषेची नव्हे. त्यामुळे ‘बेधडक बदला’ असाही अर्थ काढता येणार नाही. कोणती उत्तरे बदलायची, हा खरा प्रश्न आहे, आणि फ्लॅगचे काम तिथेच सुरू होते.

रीडिंगला 60 मिनिटे, तीन उतारे, 40 प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून अडलेला प्रश्न रिकामा सोडून पुढे जायचे नाही; त्यातल्या त्यात बरे वाटणारे उत्तर भरायचे आणि मग Review ची खूण करायची. (खूण केलेले उत्तर मोजले जात नाही, अशी भीती अजूनही वर्गात ऐकू येते. ते मोजले जाते.) प्रत्येक उताऱ्याला सरासरी 17 मिनिटे दिली तर शेवटी नऊ उरतात. एका शंकेला दीड मिनिट धरले तर नऊ मिनिटांत सहा शंका मिटतात. ज्याने पंधरा फ्लॅग लावले, त्याने निवड केलीच नाही. ‘परत वाचले तर सापडेल’ अशा जागीच फ्लॅग हवा. शब्दच माहीत नसेल तर अंदाज ठोकून पुढे जावे, कारण तो शब्द नऊ मिनिटांनंतरही माहीत नसणारच.

आता बदलाची दोन उदाहरणे, सराव परीक्षेत नेहमी दिसणारी. उताऱ्यात आहे: कालव्याच्या पाण्याचा हिशेब गावचा कारकून ठेवत असे. विधान आहे: शेतकऱ्यांना पाणी फुकट मिळे. विद्यार्थ्याने आधी NOT GIVEN निवडले. परत आल्यावर तो विचार करतो, हिशेब ठेवत होते म्हणजे पैसे घेत असणार. आणि FALSE करतो. गुण गेला. त्याने नवी ओळ वाचली नव्हती, जुन्याच ओळीवर स्वतःचा तर्क चढवला होता. पैशांबद्दल उतारा काहीच बोलत नाही. हिशेब पाळीपाळीचाही असू शकतो.

दुसरे उदाहरण परिच्छेदांना शीर्षके लावण्याचे. परिच्छेद C ला iv दिले, थोडी शंका होती म्हणून खूण केली. पुढे F वाचताना कळले, की iv तिथे चपखल बसते. या प्रश्नात एक शीर्षक दोनदा येत नाही, म्हणजे C चे उत्तर बदलावेच लागणार. इथे बदलाला उताऱ्यातला पुरावा आहे. मात्र C ला नवे दिलेले शीर्षक आधी B ला लावलेले असेल तर B सुद्धा उघडावा लागतो. अर्धवट दुरुस्तीत एका जागी मिळवलेला गुण दुसऱ्या जागी जातो.

तेव्हा कसोटी एकच ठेवावी: बदलण्याआधी उताऱ्यातल्या कोणत्या शब्दांमुळे बदलतो आहे, त्यावर बोट ठेवता आले पाहिजे. ‘जरा वेगळं वाटतंय’, ‘सलग तीन TRUE कसे येतील’ ही कारणे नव्हेत. फ्लॅग नसलेल्या उत्तराला तर हा नियम दुप्पट कडक लावावा. सोडवताना खात्री होती आणि आता घड्याळाकडे पाहून नाही, तर त्या वेळची खात्री अधिक विश्वासाची, कारण तेव्हा ओळ समोर होती.

लिसनिंगमध्ये प्रकरण आणखी सोपे आहे. ध्वनिफीत एकदाच वाजते आणि शेवटी तपासायला दोन मिनिटे मिळतात. पुरावा परत ऐकता येत नाही, म्हणून ऐकलेल्या आशयाला हात लावू नये. स्पेलिंग, अनेकवचनाचा s, शब्दमर्यादा आणि रिकामी जागा एवढेच पाहावे.

वर्गासाठी एक विनंती. पुढच्या सराव परीक्षेत प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या: प्रश्नक्रमांक, जुने उत्तर, नवे उत्तर, बदलण्याचे कारण. गुणांआधी ती चिठ्ठी वाचा. कोणाला ‘बदलू नकोस’ सांगायचे आणि कोणाला ‘बदलायला घाबरू नकोस’, हे त्या कारणांच्या रकान्यातून कळेल.