नॉमिनी म्हणजे वारस नव्हे!

‘पॉलिसीवर माझं नाव आहे, म्हणजे पैसे माझे.’ मयत भावाच्या विम्याबद्दल एका दिराचे हे वाक्य ऐकले आणि त्याच्या घरच्यांना कायदा समजावून सांगायला मी बसलो. पॉलिसी लग्नापूर्वी काढलेली, म्हणून नॉमिनी भाऊ. नंतर निकाह झाला, मुले झाली, पण नाव बदलायचे राहून गेले.

कायदा स्पष्ट आहे. १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ३९ नॉमिनीला पैसे स्वीकारण्याचा हक्क देते. त्याच्या हाती रक्कम दिली की कंपनी मोकळी होते. पण ती रक्कम कोणाची, हे वारसा कायदा ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सरबती देवी खटल्यात हेच सांगितले.

मग मी कागदावर हिशेब मांडला. रक्कम ७,२०,००० रुपये. दफनाचा खर्च, कर्ज आणि बायकोचा थकलेला मेहर आधी फेडायचा; इथे तसे काही देणे नव्हते. कुटुंब हनफी. विधवेचा आठवा हिस्सा ९०,००० आणि आईचा सहावा हिस्सा १,२०,०००. उरलेल्या ५,१०,००० पैकी मुलाला ३,४०,००० आणि मुलीला १,७०,०००. मुलगा हयात असल्याने भावाचा वाटा शून्य.

दीर म्हणाला, ‘आम्ही शरियत मानतो.’ मी विचारले, ‘मग हा हिशेब कुठला आहे?’ मुलीला भावाच्या निम्मे देताना शरियत आठवते, आणि तेवढेही द्यायची वेळ आली की विमा कंपनीचा फॉर्म पुढे केला जातो. मुलीच्या निम्म्या वाट्याविरुद्ध आपला झगडा आहेच. पण इथे तो निम्मा वाटाही गिळला जात होता.

२०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभाचा हक्क दिला. तो वारसांच्या हक्कावर मात करतो का, याबद्दल न्यायालयांत एकमत नाही. मात्र भाऊ त्या यादीतच नाही. त्याचा आधार घेऊन दिराला काहीच मिळत नाही.

अशा वेळी विधवेने गप्प बसू नये. कंपनीला लेखी हरकत द्यावी, पण तेवढ्यावर विसंबू नये. न्यायालयाचा मनाई हुकूम नसेल, तर कंपनी नॉमिनीला पैसे देऊन टाकू शकते. पैसे गेले तरी हक्क जात नाही. मग दावा कंपनीवर नव्हे, नॉमिनीवर करावा लागतो. खर्च झालेले पैसे वसूल करायला मात्र वर्षे जातात.

निकाहनाम्यावर सही करणाऱ्या प्रत्येक विमाधारकाने जुनी पॉलिसी काढून पाहावी. नॉमिनी बदलायचा अर्ज द्यावा आणि कंपनीने नोंद केल्याचा कागद बायकोच्या हाती ठेवावा. हे न करणारा नवरा आपल्या विधवेला कोर्टाच्या पायऱ्या वारशात देऊन जातो.